८-अ च्या यादीतून १२० शेतकरी निवडायचेत, पण थोड्यांकडेच फार जमीन आहे. नमुना कसा काढू?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या शेजारशेजारच्या चार गावांत आमच्या संस्थेला सामायिक गोदाम बांधायचं आहे. त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. पहिली, या खरिपात चार गावांत मिळून सोयाबीन किती क्विंटल झालं. दुसरी, काढणीनंतर महिन्याच्या आत माल विकून मोकळे होणारे शेतकरी किती. मुलाखती १२० होतील, त्याहून जास्त माणूसबळ नाही.

हाताशी चारही गावांची खातेदारांची यादी आहे. खातं, नाव आणि एकूण क्षेत्र एवढंच त्यात आहे. मी क्षेत्राप्रमाणे मांडून पाहिली ती अशी:

१ हेक्टरच्या आत: ७२० खाती, मिळून ३६० हेक्टर
१ ते २ हेक्टर: ३०० खाती, ४२० हेक्टर
२ ते ४ हेक्टर: १३० खाती, ३६४ हेक्टर
४ ते १० हेक्टर: ४२ खाती, २५२ हेक्टर
१० च्या वर: ८ खाती, १०४ हेक्टर

एकूण १२०० खाती, १५०० हेक्टर. ऑफिसात सगळ्यांचं म्हणणं, दर दहावं खातं उचला आणि कामाला लागा. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट मांडता येत नाहीये.

जिंतूरकर
दर दहावं घेतलं तर ८ मोठ्या खात्यांपैकी एकही हाती न लागण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या वर जाते. ०.९ चा आठवा घात काढून बघा, ०.४३ येतो. आणि चुकून दोन लागली तर एकूण क्विंटलचा अंदाज भलताच फुगेल.

उपाय सोपा आहे. क्षेत्राच्या प्रमाणात निवड करा, म्हणजे ज्याची जमीन दुप्पट त्याची निवड होण्याची संधी दुप्पट. मी एमएस्सीच्या प्रबंधात हेच केलं. शिवाय यात वजनं लावायची कटकट नाही, सरळ सरासरी काढली की झालं.

दशमान
जिंतूरकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. क्षेत्राच्या प्रमाणात निवड केली तर प्रत्येकाचं 'हेक्टरी क्विंटल' काढून त्याची सरळ सरासरी घेता येते आणि तिला १५०० ने गुणलं की एकूण उत्पादन मिळतं. तिथे वजनाची गरज नाही, मान्य. पण ताईंचा दुसरा प्रश्न शेतकऱ्यांच्या संख्येचा आहे. तिथे सरळ सरासरी काढाल तर उत्तर मोठ्या शेतकऱ्यांचं येईल आणि तुम्ही ते सगळ्यांचं म्हणून छापाल.

आता तुमची पद्धत याच यादीवर चालवून बघा. १२० भागिले १५०० म्हणजे हेक्टरी ०.०८ संधी. १२.५ हेक्टरला ती १ होते, त्यापुढचे सगळे आपोआप आत, त्यांना वेगळं काढावंच लागतं. दुसऱ्या टोकाला १० आर असलेल्या खात्याची संधी ०.००८. ते लागलंच तर शेतकऱ्यांच्या मोजणीत ते एकटं १२५ खात्यांच्या वतीने बोलणार. आणि अशी दहा आराची खाती कोणाची असतात? खरा दहा आरवाला क्वचित. बहुतेक वेळा शेजारच्या शिवारात वीस एकर असलेल्याचा हा एक तुकडा असतो.

बालाघाट
माझाही हाच प्रॉब्लेम आहे. माझ्या ८-अ वर १ हेक्टर ८२ आर दाखवतंय आणि सातबाऱ्यांची बेरीज केली तर १ हेक्टर ९६ आर येते. बँकवाला म्हणतो आधी दुरुस्त करून आणा. अर्ज कुठे करायचा?

सज्जा
बालाघाट, हा धागा वेगळ्या विषयाचा आहे, तरी सांगतो. आधी १४ आर पोटखराब आहे का बघा. एका उताऱ्यात ते धरलेलं आणि दुसऱ्यात वगळलेलं असतं, बऱ्याचदा फरक तिथेच निघतो. तसं नसेल तर एखादा फेरफार एकीकडेच चढला असेल. दोन्ही उतारे घेऊन तुमच्या सज्जाच्या तलाठ्याकडे जा.

मांजराकाठ, यातून तुम्हालाही एक घ्यायला हवं. यादीतलं क्षेत्र पोटखराबासह आहे की वगळून, हे चारही गावांसाठी विचारून घ्या. एका गावाची यादी एका तऱ्हेची आणि दुसऱ्याची दुसऱ्या तऱ्हेची असेल तर तुमचे थर तिथेच घसरले.

बालाघाट
पोटखराबच निघालं. धन्यवाद दादा.

दशमान
ताई, मी तुमच्या जागी असतो तर तुमचेच पाच थर ठेवले असते. वरची आठही खाती घ्यायची, त्यात चिठ्ठ्या नाहीत. उरलेल्या ११२ मुलाखती चार थरांत कशा वाटायच्या एवढाच प्रश्न राहतो आणि तिथे तुमचे दोन उद्देश एकमेकांना ओढतात.

उत्पादनाकडे बघून वाटल्या तर थराच्या एकूण हेक्टरच्या प्रमाणात द्यायच्या: लहानांपासून २९, ३४, २९, २०. ज्याची जमीन मोठी त्याच्या उत्पादनातला चढउतारही मोठा, म्हणून हे वाटप त्या कामाला चांगलं. पण मग ७२० लहान खात्यांच्या वाट्याला फक्त २९ मुलाखती येतात, आणि महिन्याच्या आत विकणारे तर मुख्यतः तिथेच असणार. खात्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाटल्या तर त्या थराला ६८ मिळतात, पण ४ ते १० हेक्टरवाले अवघे चार उरतात.

मी मध्य काढतो. दोन्हींची सरासरी घेतली की ४८, ३१, २१, १२ आणि वरचे ८. बेरीज १२०. संख्येच्या प्रश्नापुरतं बोलायचं तर वजनांच्या उंचसखलपणामुळे या १२० मुलाखतींना साधारण ९८ चं बळ राहतं. पहिल्या वाटपात ते ६८ वर आलं असतं. एवढ्याशा तोट्यात दोन्ही कामं होत असतील तर मी हेच घेईन.

प्रत्येक थरात यादी गावाप्रमाणे आणि गावात खाते क्रमांकाप्रमाणे लावा. लहान थरात ७२० भागिले ४८ म्हणजे १५. एक ते पंधरामधला एक आकडा चिठ्ठीने काढा आणि तिथून दर पंधरावं खातं घ्या. वाटणीनंतर भावाभावांची खाती यादीत अनेकदा लागोपाठ येतात, या पद्धतीत ती एकाच वेळी नमुन्यात येत नाहीत.

मांजराकाठ
दर दहाव्याला विरोध करणारी मी, शेवटी दर पंधराव्यावर आले म्हणायचं :) पण काका, वजनं नक्की कुठे लावायची? ऑफिसात एक्सेलमध्ये सगळे सरळ AVERAGE मारतात.

दशमान
AVERAGE मारलं तर काय होतं ते मुलाखतींच्या आधीच दाखवता येतं, ऑफिसात तेच दाखवा. तुमच्या थरांची सरासरी जमीन ०.५, १.४, २.८, ६ आणि १३ हेक्टर आहे. १२० जणांच्या नमुन्यात ती ४८, ३१, २१, १२, ८ वेळा धरली की बेरीज ३०२.२ हेक्टर, सरळ सरासरी २.५२. आणि यादीची खरी सरासरी १.२५. म्हणजे गाव बसल्या जागी दुप्पट श्रीमंत झालं.

वजन म्हणजे थरातली खाती भागिले त्यातल्या मुलाखती. तुमच्याकडे ती १५, ९.६८, ६.१९, ३.५ आणि १. प्रत्येक ओळीला एक रकाना जोडा. एक्सेलमध्ये क्षेत्र C मध्ये, वजन D मध्ये, दुसऱ्या ओळीपासून माहिती असेल तर:

```
=SUMPRODUCT(C2:C121,D2:D121)/SUM(D2:D121)
```

आधी हे सूत्र यादीतल्या क्षेत्रावर चालवा. उत्तर १.२५ च्या आसपास यायला हवं, कारण खरं उत्तर आपल्याला माहीत आहे. २.५ आलं तर वजनं लागलीच नाहीत. १.६ आलं तर एखाद्या थराचं वजन दुसऱ्याला चिकटलंय. क्विंटलला ही तपासणी करता येत नाही, जमिनीला येते, म्हणून ती आधी करायची.

कोरडवाहू
हे सगळं वाचलं. हिशोब चांगला हाय, पण बगा, यादीच खरी न्हाई तर काय करता?

आमच्या परभणीकडं दहा हेक्टरच्या वरचं खातं कामून कमी दिसतं सांगू? सीलिंगचा कायदा आला १९६१ ला. नंतर कोरडवाहूला कुटुंबामागं ५४ एकराची मर्यादा बसली. ज्याच्याकडं जास्त होतं त्यानं बायकोच्या, पोरांच्या, पुतण्याच्या नावानं करून ठेवलं. पुढं कर्जासाठी, अनुदानासाठी आणखी तुकडे पडले, कारण योजना दर खात्याला मिळती. औत एकच, ट्रॅक्टर एकच, आडतीवर माल एकाच नावानं जातो, पण ८-अ वर सहा माणसं. तुमच्या यादीत आठ मोठे हायेत म्हणता, गावात जाऊन इचारा, जास्त निघतील. अन् ती सहा माणसं तुमच्या लहान थरात शेतकरी म्हणून बसलेली हायेत.

सज्जा
कोरडवाहू यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. उलटंही असतं. नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलेलं असेल तर जमीन थोरल्या भावाच्या नावावर, पण ती सगळ्या भावांची. तोंडी वाटणी होऊन वीस वर्षं झाली, तिघे वेगळे पेरतात आणि यादीत पाच हेक्टरचा एकच 'मोठा' शेतकरी. 'अ.पा.क.' दिसलं तर खातं अज्ञान मुलाच्या नावाने आहे, मुलाखत पालकाची. मयताच्या नावावर चालू असलेली खाती तर दर गावात सापडतील, वारसनोंद कोणी केलेलीच नसते.

आणि खातं गावापुरतं असतं हे विसरू नका. एकाच माणसाची चारही गावांत जमीन असेल तर तुमच्या यादीत तो चार वेळा आहे.

गायरान, शासन, देवस्थान, अकृषिक प्लॉट ही खाती निवडीच्या आधीच बाजूला काढा. देवस्थानची जमीन मात्र कोणीतरी कसतच असतं, तिचं सोयाबीन तुमच्या क्विंटलमध्ये येणार की नाही ते ठरवा.

जिंतूरकर
मग सोपं आहे. मुलाखतीत कळलं की या माणसाकडे खरं तर नऊ हेक्टर आहे, तर त्याला ४ ते १० च्या थरात टाकायचं आणि वजन ३.५ करायचं.

दशमान
नाही! हेच करायचं नाही. तो लहान थरातून, पंधरातला एक म्हणून निवडला गेला, तर त्याचं वजन निवडीच्या वेळचंच. तुम्ही ज्यांना भेटलात त्यांच्यापैकी लपलेले मोठे वर सरकवाल, पण न भेटलेल्या ६७२ खात्यांत लपलेले तसेच खाली राहतील. मग मोठ्यांची जमीन कायम कमी येईल.

ज्या कुटुंबाची यादीत दोन खाती आहेत त्याला निवडलं जाण्याच्या दोन संधी होत्या. दोन्ही लहान थरात असतील आणि एक निघालं तर कुटुंबाचं वजन १५ भागिले २, म्हणजे साडेसात. म्हणून प्रत्येक मुलाखतीत पहिला प्रश्न: 'या चार गावांत तुमच्या चुलीची एकूण खाती किती, कोणाकोणाच्या नावाने?' उत्तर यादीशी ताडून बघा. हा प्रश्न राहिला तर नंतर काही करता येत नाही.

तिघा भावांच्या सामाईक खात्यात तिघांनाही विचारा, तिघांनाही खात्याचंच वजन. वेळ नसेल तर चिठ्ठीने एक भाऊ निवडा आणि वजन तिप्पट करा. जो घरी सापडला तो निवडू नका.

पण मोठ्यांच्या बाबतीत मी मुलाखतीपर्यंत थांबणार नाही. चिठ्ठ्या काढण्याआधीच गावातल्या दोनतीन जाणत्या माणसांसोबत यादी घेऊन बसा. वरच्या दोन थरांतल्या ५० नावांपुरतं विचारा: यांच्या घरातली आणखी कोणती नावं या यादीत आहेत? ती सगळी एका ओळीत आणा, खालच्या थरांतून काढून टाका, बेरजेप्रमाणे नवा थर द्या. हे संपूर्ण यादीवर आणि निवडीच्या आधी झालं तरच चालतं.

कोरडवाहू
जाणती मानसं म्हंजी कोण? सरपंचाला इचारलं तर तो आपल्या भावकीचं सांगणार न्हाई. कोतवालाला इचारा, अन् सोसायटीच्या गटसचिवाला. कोणाचं कर्ज कोणाच्या नावानं हाय ते त्यालाच ठावं.

मांजराकाठ
कोतवाल आणि गटसचिव, दोघांसोबत वेगवेगळं बसून झालं. दोघांची उत्तरं बहुतेक जुळली.

चित्र खरंच बदललं. दहाच्या वरची ८ खाती होती, आता ११ कुटुंबं आहेत आणि त्यांची जमीन १०४ वरून १९० हेक्टरवर गेली. एका घरात सहा नावांवर मिळून ३१ हेक्टर आहे. यादीत त्यांचं एकही खातं दहाच्या वर नव्हतं! ती ११ सगळी घेऊन उरलेल्या १०९ मुलाखती काकांच्या पद्धतीने पुन्हा वाटल्या, वजनंही नव्याने काढली.

आता दोन अडचणी. एक, त्या अकरातलं एक कुटुंब पुण्याला असतं आणि मुलाखतीला नाही म्हणतंय. त्यांच्या ऐवजी दहाच्या जरा खालचा एखादा घेऊ का? दोन, लहान थरात एक जण निघाला ज्याची यादीतली जमीन ३० आर आणि बाहेरच्या तालुक्यात आठ-नऊ हेक्टर. त्याचं वजन १५ च्या आसपासच आहे. त्याच्या एकट्यामुळे एकूण आकडा हलतोय.

दशमान
दुसरी अडचण प्रश्नाच्या व्याख्येत सुटते. क्विंटल तुम्हाला 'या चार गावांच्या शिवारातलं' हवं आहे, तर त्याच्या ३० आरांतलंच सोयाबीन मोजा, बाहेरचं नाही. महिन्याच्या आत विकतो की नाही, त्यात मात्र तो एक शेतकरी म्हणून पूर्ण धरा. तिथे त्याची जमीन मध्ये येतच नाही.

पहिलीत बदली नको. वरच्या थरात कोणीच कोणाच्या जागी उभा राहू शकत नाही, म्हणून तर सगळे घेतले. घर पुण्यात असलं तरी शेत इथेच आहे, पेरणारा कोणीतरी असेल: सालगडी, बटईदार किंवा चुलतभाऊ. क्विंटल त्याच्याकडून मिळतील. सोयाबीनखालचं क्षेत्र ई-पीक पाहणीच्या नोंदीशी ताडून बघता येईल. काहीच नाही मिळालं तर उरलेल्या दहांचं हेक्टरी उत्पादन काढा आणि या घराच्या हेक्टरला लावा. किती हेक्टर असे भरले ते अहवालात लिहा.

सज्जा
ई-पीक पाहणीवर फार भार टाकू नका. ती २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर नोंदवायची असते. पुण्यात बसलेल्याने नोंदवली असेलच असं नाही, आणि विम्यासाठी प्रत्यक्षापेक्षा वेगळं पीक टाकणारेही असतात.

जिंतूरकर
मला अजून वाटतं की निवडीआधी मोठी घरं जोडली आणि लहान तशीच ठेवली, तर यादी दोन वेगळ्या एककांची झाली. वर कुटुंब, खाली खातं. हे सैद्धांतिकदृष्ट्या बरोबर आहे का?

दशमान
मिश्र एकक चालतं. अट एकच, यादीतलं प्रत्येक खातं नक्की एका ओळीत हवं आणि तिची संधी माहीत हवी. जे मला खुपतं ते दुसरं आहे. कोतवालाने जोडलेली घरं आणि मुलाखतीत लोकांनी सांगितलेली घरं यांची व्याख्या एक नसेल. वेगळ्या चुलीचा पण एकाच औताचा मुलगा एकीकडे घरात मोजला जाईल, दुसरीकडे वेगळा. मी 'माल एकत्र विकतात का' हीच कसोटी दोन्हीकडे लावेन, कारण प्रश्न विक्रीचा आहे.

कोरडवाहू
अन् बटईदाराचं काय? आमच्याकडं निम्मी जमीन बटईनं न्हाईतर ठोक्यानं जाती. ज्याच्या नावावर जमीनच न्हाई पण धा एकर बटईनं करतो, तो तुमच्या यादीत कुठंच न्हाई. माल पहिल्यांदा तोच इकतो, कारण उधारीवालं त्याच्या दारात असतंय.

दशमान
ही खरी फट आहे. क्विंटलपुरतं सांगता येतं: खातं निवडलं की 'ही जमीन यंदा कोणी पेरली' विचारा आणि त्याच्यापर्यंत जा, मालकाचा आणि त्याचा हिस्सा दोन्ही लिहा. एकूण बरोबर येईल. पण 'शेतकरी किती' याचा छेद बदलतो. बटईदार दोन-तीन मालकांची जमीन करत असेल तर त्याच्याकडे जायच्या तितक्या वाटा झाल्या, मग वजनाला किती मालकांनी भागायचं ते त्याला विचारावं लागेल. आणि बटई तोंडी असते, मालकाचं नाव परक्यापुढे सांगायला तो कचरतो.

सज्जा
कचरतो त्याहून मालक जास्त कचरतो. कूळ लागेल ही भीती आमच्या भागात हैदराबाद कुळकायद्यापासूनची आहे, अजून गेलेली नाही. 'जमीन कोण कसतं' असं विचारलंत की 'आम्हीच' म्हणतील. 'फवारणीला कोण होतं, मळणीला कोण होतं' असं विचारा.

मांजराकाठ
पुण्याच्या घराची जमीन चुलतभावाकडेच ठोक्याने आहे असं गटसचिव म्हणाले, त्याच्याकडे उद्या जातेय. बटईदारांसाठी मालकांची संख्या विचारणारा प्रश्न फॉर्ममध्ये टाकते. पण ज्यांनी 'आम्हीच' म्हटलं आणि तसं नव्हतं, त्यांचं काय करायचं?

कोरडवाहू
मळणीयंत्रवाल्याला इचारा. त्याच्या वहीत पोत्यांसकट असतंय.

दशमान
वही बघायला मिळाली तर उत्तमच, पण ती फक्त निवडलेल्या खात्यांपुरती वापरा. वहीतून नवी नावं नमुन्यात घेऊ नका.

जिंतूरकर
का नको? यादीत नसलेला बटईदार सापडण्याची ती एकच जागा आहे. दोन याद्या जोडून नमुना काढतातच की.

दशमान
काढतात, पण दोन्हींत असलेला कोण हे ओळखता आलं तर. एका गावात मळणीयंत्रं चार असतील आणि एकच वही दाखवली गेली तर तुमच्याकडे दुसरी यादी नाहीच. चारही वह्या मिळाल्या तर बोलू.